दोन बागांची तुलना की एकाच बागेची? संत्र्याच्या पॅनेलवर हाउसमन चाचणी

काटोलकडची एक विद्यार्थिनी प्रबंधाचं चौथं प्रकरण घेऊन माझ्याकडे आली होती. अर्थशास्त्रातली पीएचडी, विषय संत्र्याचा. काटोल, नरखेड आणि कळमेश्वर या तीन तालुक्यांतल्या ८० बागा तिने निवडल्या होत्या आणि प्रत्येक बागेची सलग ५ वर्षांची आंबिया बहाराची नोंद घेतली होती. म्हणजे ४०० ओळींचं पॅनेल, एकही ओळ गहाळ नाही. घरचीच बाग असल्यामुळे तिला शेतकरी दारातून परत पाठवत नव्हते, हा तिचा मोठा फायदा.

आधीच सांगतो: प्रसंग ओळखू येऊ नये इतका बदलला आहे, आणि खाली येणारे निकालाचे आकडे मी हिशेब समजावा म्हणून रचले आहेत. ते एकमेकांशी गणिताने जुळतात, पण संत्र्याच्या शेतीबद्दलचे आकडे म्हणून ते कुठे वापरू नका.

तिचा प्रश्न साधा होता. झाडामागे खतावर जास्त खर्च केला तर झाडामागचं उत्पादन किती वाढतं? दोन्ही चल लॉगमध्ये होते आणि प्रत्येक वर्षासाठी वेगळा डमी होता, म्हणजे गारपीट झालेलं वर्ष किंवा उशिरा आलेला पाऊस सगळ्या बागांच्या वाट्याला सारखा धरला होता. तिने रँडम इफेक्ट्स मॉडेल लावलं होतं. खतखर्चाचा गुणक ०.२६ आला होता, स्टँडर्ड एरर ०.०३. खर्च १० टक्के वाढला तर उत्पादन अडीच टक्के वाढतं, असा त्याचा अर्थ तिने लिहिला होता.

गाइडनी समासात दोनच शब्द लिहिले होते: "हाउसमन लावा." म्हणजे रँडम इफेक्ट्स चालेल की फिक्स्ड इफेक्ट्स हवं, हे पडताळणारी चाचणी.

तिने लावली. आकडा आला २८, आणि पी-व्हॅल्यूच्या जागी शून्यांची रांग. तिची अडचण इथून सुरू झाली. चाचणी "फिक्स्ड घ्या" म्हणते असं तिला वाटलं, आणि फिक्स्ड घेतलं तर प्रबंधातला तिचा दुसरा आवडता चल, म्हणजे खुंट, तक्त्यातून गायबच होत होता. बाग जंबेरीच्या खुंटावर आहे की रंगपूर लाइमच्या, हे पाच वर्षांत बदलत नाही. फिक्स्ड इफेक्ट्स मॉडेलमध्ये न बदलणाऱ्या गोष्टीला जागा नसते.

"सर, रँडम ठेवण्यासाठी काही कारण देता येईल का? बागा तर मी रँडम पद्धतीनेच निवडल्या होत्या."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता त्याचं उत्तर देण्याआधी मी प्रश्न विचारतो. तिला विचारलं, तुमच्या गावात झाडामागे सगळ्यात जास्त खत कोण टाकतं?

तिला नेमकं सांगता येईना. म्हणून तिने तिथूनच घरी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. वडील म्हणाले, "ज्याची जमीन चांगली, त्याचा बगीचा चांगला. ज्याचा बगीचा चांगला, त्याच्या हाती पैसा येते. अन् पैसा आला का तोच खत जास्त टाकते. बरड जमिनीवाला कायले टाकन जी?"

मी तिला ते वाक्य वहीत उतरवून घ्यायला सांगितलं. रँडम इफेक्ट्सचं गृहीतक आणि ते इथे का मोडतं, दोन्ही त्यात होतं.

नावातला घोटाळा

प्रत्येक बागेचा एक स्वतःचा अंश असतो, जो आपल्या नोंदीत नाही: मातीची खोली, खाली चुनखडीचा थर आहे की नाही, पाण्याचा निचरा, विहिरीला मे महिन्यात पाणी टिकतं का, बाग ताणावर सोडण्याचं बागवानाचं कसब. पाच वर्षांत हे फारसं बदलत नाही. फिक्स्ड आणि रँडम या दोन्ही मॉडेलमध्ये हा अंश आहे, आणि दोन्हींमध्ये तो आपल्या दृष्टीने अज्ञातच आहे. बागा चिठ्ठ्या टाकून निवडल्या म्हणून तो "रँडम" होत नाही, आणि सगळ्याच्या सगळ्या बागा घेतल्या म्हणून "फिक्स्ड" होत नाही.

फरक एकाच गृहीतकाचा आहे. बागेच्या या अज्ञात अंशाचा खतखर्चाशी काही संबंध नाही, असं रँडम इफेक्ट्स धरून चालतं. फिक्स्ड इफेक्ट्स या संबंधाबद्दल काहीच धरत नाही. संबंध असो वा नसो, ते प्रत्येक बागेची स्वतःची पाच वर्षांची सरासरी वजा करतं, आणि त्या वजाबाकीत न बदलणारा अंश निघून जातो.

तिच्या वडिलांचं म्हणणं नेमकं त्या गृहीतकाच्या उलट होतं. चांगल्या जमिनीचा मालक जास्त खत टाकतो. मग रँडम इफेक्ट्सच्या ०.२६ मध्ये खताचा परिणाम किती आणि जमिनीचा किती, हे वेगळं कसं करणार?

शेतीतल्या आकड्यांवर हा प्रश्न फार आधी विचारला गेला आहे. यायर मुंडलाक यांनी १९६१ साली शेतीच्या उत्पादन फलनावर लेख लिहिला, त्याचा मुद्दा हाच होता. शेतकऱ्याचं व्यवस्थापन मोजता येत नाही, पण हुशार शेतकरी निविष्ठाही वेगळ्या प्रमाणात वापरतो, म्हणून साध्या रिग्रेशनमध्ये व्यवस्थापनाचं श्रेय निविष्ठांच्या पदरात पडतं. उपाय म्हणून त्यांनी एकाच शेताच्या वेगवेगळ्या वर्षांची तुलना वापरली. हाउसमन यांची चाचणी १९७८ ची, म्हणजे सतरा वर्षांनंतरची.

०.२६ कुठून आला

मी तिला दोन रिग्रेशन वेगवेगळी चालवायला सांगितली. पहिलं फिक्स्ड इफेक्ट्स: एकाच बागेत ज्या वर्षी खत जास्त पडलं, त्या वर्षी उत्पादन किती जास्त होतं? दुसरं, ८० बागांच्या पाच वर्षांच्या सरासऱ्या घेऊन फक्त ८० बिंदूंवर: जी बाग सरासरीने जास्त खत घेते, ती सरासरीने किती जास्त देते? पहिल्याला विदिन म्हणतात, दुसऱ्याला बिटवीन. मी त्यांना बागेतली तुलना आणि बागाबागांतली तुलना म्हणतो.

बागेतली तुलना: गुणक ०.१२, स्टँडर्ड एरर ०.०४.
बागाबागांतली तुलना: गुणक ०.४४, स्टँडर्ड एरर ०.०४५.

पहिली म्हणते, खर्च १० टक्के वाढवला तर उत्पादन एक-सव्वा टक्क्याने वाढेल. दुसरी म्हणते, चार टक्क्यांहून जास्त. एवढं अंतर पाहून ती थोडा वेळ गप्पच बसली.

रँडम इफेक्ट्सचा गुणक ही या दोघांची भारित सरासरी असते. ज्या तुलनेचं व्हेरिअन्स कमी, तिला वजन जास्त. इथे बागेतल्या तुलनेला ५६.२५ टक्के आणि बागाबागांतल्या तुलनेला ४३.७५ टक्के वजन पडतं. ०.१२ चे ५६.२५ टक्के म्हणजे ०.०६७५, ०.४४ चे ४३.७५ टक्के म्हणजे ०.१९२५, बेरीज ०.२६. तिच्या तक्त्यातला तो आकडा असा तयार झाला होता.

सॉफ्टवेअर हे काम वेगळ्या वाटेने करतं. फिक्स्ड इफेक्ट्स बागेची पूर्ण सरासरी वजा करतं. रँडम इफेक्ट्स सरासरीचा काही हिस्साच वजा करतं. त्या हिश्श्याला थीटा म्हणतात. बागांमधला फरक जितका मोठा आणि वर्षं जितकी जास्त, तितका थीटा १ कडे सरकतो. तिच्या मॉडेलमध्ये बागांच्या अंशाचं स्टँडर्ड डेव्हिएशन ०.२५ होतं, वर्षागणिक उरलेल्या चढउताराचं ०.३०, आणि वर्षं ५:

```
theta = 1 - sqrt(0.30^2 / (0.30^2 + 5*0.25^2)) = 0.53
```

म्हणजे जमिनीचा प्रभाव अर्ध्याहून थोडा जास्त काढला गेला, बाकीचा तसाच राहिला. काहीच वजा न करता ४०० ओळी एकत्र टाकल्या असत्या तर ०.३७ आला असता. तोही या दोघांच्या मधलाच, पण बागाबागांतल्या तुलनेकडे जास्त झुकलेला.

वडिलांचं म्हणणं खरं असेल तर ०.४४ मध्ये जमीन मिसळलेली आहे, आणि ०.२६ मध्येही, थोडी कमी. दोन्ही तुलना एकच गोष्ट मोजत असतील तरच त्यांची सरासरी काढण्यात अर्थ आहे. तसं असेल तर ती सरासरी घ्यायलाच हवी, कारण दोन्हीकडची माहिती वापरल्याने स्टँडर्ड एरर ०.०४ वरून ०.०३ वर येते. रँडम इफेक्ट्सचा लाभ तेवढाच.

चाचणी मोजते काय

हाउसमन यांची कल्पना अशी. गृहीतक खरं असेल तर फिक्स्ड आणि रँडम दोन्ही बरोबर आकड्याभोवतीच फिरतील, रँडम जरा जास्त अचूकपणे. गृहीतक खोटं असेल तर फिक्स्ड जागेवर राहील आणि रँडम भरकटेल. तेव्हा दोघांतलं अंतर पाहा, आणि ते योगायोगाने पडू शकणाऱ्या अंतराच्या मानाने किती मोठं आहे ते तपासा.

योगायोगाने किती अंतर पडू शकतं, हे काढण्यात खरी गंमत आहे. दोन अंदाज एकाच आकडेवारीतून आलेले, म्हणजे त्यांच्यात सहसंबंध असणार, आणि फरकाचं व्हेरिअन्स काढायला तो माहीत हवा. हाउसमन यांनी दाखवलं की दोघांपैकी एक अंदाज सर्वांत कार्यक्षम असेल तर तो सहसंबंध वेगळा शोधावा लागत नाही. फरकाचं व्हेरिअन्स म्हणजे व्हेरिअन्सांचा फरक. तिचाच हिशेब:

```
H = (0.12 - 0.26)^2 / (0.04^2 - 0.03^2)
  = 0.0196 / 0.0007
  = 28
```

एका अंशावर काय-स्क्वेअरची ५ टक्क्यांची सीमा ३.८४ आहे. २८ तिच्या कितीतरी पलीकडे.

आता फिक्स्ड आणि रँडमऐवजी बागेतली आणि बागाबागांतली तुलना समोरासमोर ठेवा. या दोन्ही एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, म्हणून व्हेरिअन्सांची बेरीज करायची. ०.३२ चा वर्ग ०.१०२४, भागिले ०.००१६ अधिक ०.००२०६. उत्तर पुन्हा २८. हा अपघात नाही, एकच चाचणी दोन रूपांत आहे. मला दुसरं रूप जास्त आवडतं, कारण चाचणी काय विचारते ते त्यात उघडं दिसतं: एकाच बागेची वर्षं पडताळून मिळणारं उत्तर आणि निरनिराळ्या बागा पडताळून मिळणारं उत्तर एकच आहे का?

नाही, हे तिला कळलं. फिक्स्ड इफेक्ट्स बरोबर आहे का, हे चाचणीने विचारलेलंच नाही. चाचणीच्या रचनेतच फिक्स्डला पंच केलेलं आहे, आणि पंचाची परीक्षा ती घेत नाही.

खुंट परत आणायची वाट

तिचा खुंटाचा प्रश्न अजून उभाच होता. त्यावरचा उपायही मुंडलाक यांचाच, तोही १९७८ चाच; हाउसमन यांचा लेख ज्या नियतकालिकात आला, त्याच 'इकॉनोमेट्रिका'त त्याच वर्षी. जमिनीचा संबंध बागेच्या सरासरी खतखर्चाशी आहे ना? मग ती सरासरीच एक चल म्हणून मॉडेलमध्ये घाला, आणि रँडम इफेक्ट्सच लावा.

```
xtset baag varsh
egen lnkhat_m = mean(lnkhat), by(baag)
xtreg lnutp lnkhat lnkhat_m i.varsh, re vce(cluster baag)
test lnkhat_m
```

खतखर्चाचा गुणक आला ०.१२, हुबेहूब फिक्स्ड इफेक्ट्सचा. सरासरीचा गुणक आला ०.३२, म्हणजे ०.४४ वजा ०.१२. हा ०.३२ शून्याहून वेगळा आहे का, हीच हाउसमन चाचणी. जुन्या गृहीतकांखाली त्याचा स्टँडर्ड एरर ०.०६०५, टी ५.२९, आणि त्याचा वर्ग तोच २८.

पण वरच्या आज्ञेत शेवटी `vce(cluster baag)` आहे, म्हणजे प्रत्येक बागेची पाच वर्षं एक गट धरून स्टँडर्ड एरर काढायची, आणि ते मी मुद्दाम घालायला लावलं. संत्र्याला एक वर्ष भरघोस आणि पुढचं वर्ष हलकं अशी सवय असते, त्यामुळे एकाच बागेची लागोपाठची वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. तसं असेल तर रँडम इफेक्ट्स सर्वांत कार्यक्षम उरत नाही, आणि व्हेरिअन्सांची ती सुटसुटीत वजाबाकी ज्या पायावर उभी होती तो पायच जातो. स्टाटामधली `hausman` आज्ञा क्लस्टर केलेले निकाल स्वीकारतच नाही, त्याचं कारण हेच. लोक मग क्लस्टर काढून टाकतात, चाचणी चालवतात आणि शेवटच्या तक्त्यात क्लस्टर पुन्हा लावतात. तिनेही तेच केलं होतं. मुंडलाकच्या रूपात तशी कसरत लागत नाही. क्लस्टर केल्यावर स्टँडर्ड एरर ०.०८ झाला, टी ४, वर्ग १६. नकार कायम राहिला, पण प्रबंधात २८ ऐवजी १६ गेला.

वजाबाकीच्या जुन्या पद्धतीत कधीकधी दिसणारा दुसरा धक्काही यात टळतो: काय-स्क्वेअर ऋण येणं. दोन मॉडेलांतून आलेली व्हेरिअन्स वजा करताना, विशेषतः चल अनेक असतील तेव्हा, उत्तर सुसंगत राहीलच असं नाही. `sigmamore` हा पर्याय दोन्हीकडे एकच त्रुटी-व्हेरिअन्स वापरून बरंच सावरतो. ऋण आकडा पाहून "नकार मिळाला नाही, म्हणून रँडम" असं लिहिलेले प्रबंध मी वाचले आहेत. तो निकाल नसतो, हिशेब फसल्याची खूण असते.

आणि खुंट? मुंडलाकच्या मॉडेलमध्ये त्याचा चल घालता येतो, म्हणून तो परत आला. आधीच्या रँडम इफेक्ट्समध्ये रंगपूर लाइमचा गुणक ०.१८ होता, चांगलाच ठळक. सरासरी खतखर्च घातल्यावर तो ०.०७ झाला, स्टँडर्ड एरर ०.०६. तिचा चेहरा पडला. मला मात्र हा निकाल प्रामाणिक वाटला. खुंट फक्त बागाबागांतच बदलतो, म्हणून त्याचा गुणक पूर्णपणे बागाबागांतल्या तुलनेवर उभा आहे, आणि कोणी कोणता खुंट निवडला याचा मातीशी संबंध असू शकतो. मुंडलाकची सरासरी खतखर्चापुरती सफाई करते, खुंटापुरती करत नाही. हाउसमन आणि टेलर यांची १९८१ ची एक पद्धत अशा न बदलणाऱ्या चलांसाठी आहे, पण तिला जमिनीशी संबंध नसलेले दुसरे, वर्षागणिक बदलणारे चल लागतात. तिच्या नोंदीत तसा एकही नव्हता. "संबंध नाही" असं लिहून टाकणं सोपं असतं, पण ते आम्ही टाळलं.

ठिबकचा निकाल

दोन आठवड्यांनी ती खुशीत आली. ठिबक सिंचनाच्या वेगळ्या मॉडेलमध्ये हाउसमनने नकार दिला नव्हता. रँडमचा गुणक ०.२२, स्टँडर्ड एरर ०.०७. फिक्स्डचा ०.०५, स्टँडर्ड एरर ०.२०. अंतर ०.१७, त्याचा वर्ग ०.०२८९, भागिले ०.०३५१, चाचणीचा आकडा ०.८२. सीमा ३.८४. "सर, इथे तरी रँडम चालेल!"

मी विचारलं, पाच वर्षांत किती बागांनी ठिबक नव्याने बसवलं? नऊ. उरलेल्या ७१ बागांत ते पहिल्यापासून होतं किंवा शेवटपर्यंत नव्हतं. बागेतल्या तुलनेत त्या ७१ बागा ठिबकबद्दल काहीच सांगत नाहीत. सगळा भार नऊ बागांवर, म्हणून स्टँडर्ड एरर ०.२०, आणि ९५ टक्क्यांचा पल्ला उणे ०.३४ पासून अधिक ०.४४ पर्यंत. त्या पल्ल्यात ०.२२ बसतो, शून्य बसतो, आणि ठिबकने नुकसान होतं हेही बसतं.

अशा वेळी चाचणी नकार देत नाही, कारण तिला नीट दिसतच नाही. किती दिसत नाही ते मोजता येतं. समजा रँडमच्या गुणकात जमिनीमुळे खरोखर ०.२० ची वाढ मिसळली आहे, म्हणजे जवळजवळ सगळाच परिणाम खोटा आहे. तरी अंतराचं स्टँडर्ड डेव्हिएशन ०.०३५१ चं वर्गमूळ, म्हणजे ०.१८७. ०.२० हे त्याच्या जेमतेम १.०७ पट. ५ टक्क्यांच्या पातळीवर चाचणी एवढा मोठा दोष पकडण्याची शक्यता १९ टक्के निघते. पाच वेळांत चार वेळा ती गप्प राहील. त्या गप्प राहण्याला होकार म्हणता येत नाही.

आणि ठिबक कोण बसवतो? ज्याच्या विहिरीला पाणी आहे आणि हातात पैसा आहे तो. वडिलांचं वाक्य इथे खतापेक्षाही जास्त लागू पडतं. प्रबंधात आम्ही दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि लिहिलं की बागेतली तुलना इतकी सैल आहे की या आकडेवारीवरून ठिबकचा परिणाम वेगळा काढता येत नाही. गाइडना हे आवडलं नाही. त्यांना एक तक्ता, एक मॉडेल, एक निकाल हवा होता. खरं तर चाचणी पाहून मॉडेल निवडायचं आणि मग निवड झालीच नव्हती अशा थाटात स्टँडर्ड एरर छापायची, या सवयीलाही किंमत असते: छापलेल्या ५ टक्क्यांपेक्षा चुकीची खरी शक्यता बरीच जास्त असू शकते.

पंचाची परीक्षा

उरला ०.१२. चाचणीने रँडमला बाद केलं, म्हणून ०.१२ हा खताचा खरा परिणाम झाला का? दोन कारणांनी मला शंका होती.

पहिलं, आठवण. शेतकऱ्याने पाच वर्षांपूर्वीचा खतखर्च सांगितला तो अंदाजाने. चूक १९ टक्क्यांच्या आसपासची धरली तर लॉगमधल्या चुकीचं व्हेरिअन्स ०.०३५ होतं. बागाबागांतल्या तुलनेत पाच वर्षांच्या चुका सरासरीत विरघळतात आणि बागांमधल्या मोठ्या फरकापुढे जेमतेम दीड टक्का उरतात. बागेतल्या तुलनेत मात्र वर्षावर्षांतला फरकच लहान आहे, त्याचं व्हेरिअन्स ०.१४, आणि त्यातले ०.०२८ नुसती चूक. म्हणजे पाचवा हिस्सा गोंधळ, आणि गुणक तितका खाली दबलेला. ०.१२ चा खरा आकडा ०.१५ असू शकतो. हाउसमन चाचणी या फरकालाही नकारच म्हणून मोजते. जमिनीमुळे पडलेलं अंतर आणि आठवणीमुळे पडलेलं अंतर तिला वेगळं ओळखता येत नाही. इथे ०.१५ आणि ०.४४ मधलं अंतर फक्त आठवणीने भरून निघत नाही, एवढं म्हणता येतं.

दुसरं कारण जास्त खोल आहे. फिक्स्ड इफेक्ट्स न बदलणारा अंश काढतं, पण त्याचंही एक गृहीतक आहे: या वर्षीच्या उत्पादनातल्या अनपेक्षित चढउताराचा मागच्या, आजच्या किंवा पुढच्या वर्षीच्या खताशी संबंध नसावा. पुढच्याशीही नसावा, कारण वजा केलेल्या सरासरीत पुढची वर्षंही असतात. हे तपासायची सोपी रीत आहे. पुढच्या वर्षीचा खतखर्च या वर्षीच्या समीकरणात घालायचा.

```
gen lnkhat_pudhe = F.lnkhat
xtreg lnutp lnkhat lnkhat_pudhe i.varsh, fe vce(cluster baag)
```

शेवटचं वर्ष गळून ३२० ओळी उरल्या. पुढच्या वर्षीच्या खताचा गुणक ०.०९, स्टँडर्ड एरर ०.०४. पुढच्या वर्षी पडणारं खत या वर्षीची फळं वाढवू शकत नाही. संबंध उलट दिशेने आहे: या वर्षी बहार चांगला आला, व्यापाऱ्याकडून पैसे हातात आले आणि पुढच्या हंगामात खत जास्त पडलं. त्यात भर म्हणजे भरघोस वर्षानंतर थकलेलं झाड मुळातच कमी देतं. जास्त खत नेमकं हलक्या वर्षाच्या वाट्याला येतं, आणि बागेतल्या तुलनेत खत प्रत्यक्षापेक्षा निरुपयोगी दिसतं.

दोन्ही कारणं गुणकाला खालीच ओढतात. ०.४४ ला मात्र जमीन वर ओढते. म्हणून प्रबंधात शेवटी असं वाक्य गेलं: खतखर्चाचा परिणाम बागेतल्या तुलनेत ०.१२ येतो आणि तो बहुधा कमी धरलेला आहे. बागाबागांतल्या तुलनेतला ०.४४ बहुधा जास्त धरलेला आहे. रँडम इफेक्ट्सचा ०.२६ या दोन वेगळ्या आकड्यांची सरासरी असल्यामुळे त्याला स्वतःचा अर्थ दिलेला नाही.

पुढच्या फेरीच्या प्रश्नावलीत तिने एक रकाना वाढवला आहे: मागचा बहार कोणत्या महिन्यात विकला आणि त्यातले किती पैसे खतं भरायच्या आधी हाती आले. नरखेडच्या २६ बागा झाल्या, ५४ बाकी आहेत.